सायकलीच्या किमतीची वजाबाकी

गेल्या पावसाळ्यात आमचे भावोजी सायकलीसकट एका बंद दुकानाच्या शटरवर जाऊन आदळले. भावोजी ऐरोलीला सिडकोच्या बैठ्या घरात राहतात आणि रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामाला जातात. अंतर जेमतेम चार किलोमीटर. त्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला होता. पुढचा सिग्नल लाल झालेला त्यांना चांगला दुरून दिसला. त्यांनी दोन्ही ब्रेक आवळले. सायकल थांबेना. आणखी आवळले, तरी ती आपली चालतेच आहे! समोर बस उभी होती. बसपेक्षा शटर बरे असा विचार करून त्यांनी हँडल वळवले. मनगटाला प्लास्टर आणि दीड महिना रजा, एवढ्यावर निभावले. जुनी काळी सायकल त्याच दिवशी ताईने जिन्याखाली ढकलली.

या वर्षी मे महिन्यात नवी सायकल घ्यायचे ठरले. पैसे होते पंधरा हजार. मला बोलावणे आले, कारण मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि विज्ञान शिकवणाऱ्याला सायकलीतले सगळे कळते असा ताईचा समज आहे. बरोबर नववीतली भाची होती. तिने वही-पेन्सिल घेतली होती, आणि माझ्या सांगण्यावरून आणखी तीन वस्तू: एक लहानसा लोहचुंबक, बॅगा तोलायचा टांगता काटा आणि पाण्याने भरलेली बाटली.

दुकानात सायकलींची रांगच होती. दुकानदार मोठा बोलका. “ही बघा, एकवीस गियर, दोन्हीकडे डिस्क, पुढे सस्पेन्शन. आणि ही तर रेसिंगचीच. वजनाला फूल! थोडे जास्त पडतील, पण हप्ते करून देतो.” भावोजींचे डोळे त्या रेसिंगच्या सायकलीवर खिळले. खाली वळवलेले हँडल, बोटभर रुंदीचे टायर, किंमत एकतीस हजार.

“मामा, ही दुप्पट महाग आहे म्हणजे दुप्पट चांगली का?” भाचीने विचारले.

प्रश्न सरळ होता, पण तो असा विचारून उत्तर मिळत नाही. सायकलीची किंमत ही अनेक भागांच्या किमतींची बेरीज असते. म्हणून एकदम संपूर्ण सायकलीकडे न पाहता दोन सायकली शेजारी ठेवाव्यात, किमतींची वजाबाकी करावी आणि विचारावे, की या फरकात नेमके काय मिळाले, आणि ते आपल्या रस्त्यावर काय काम करील? आम्ही पाच सायकली निवडल्या. भाचीने त्यांना क्रमांक दिले आणि एकेक काट्याला टांगून वजने लिहून घेतली.

पहिली सायकल भावोजींच्या जुन्या सायकलीची बहीणच म्हणा ना: काळी, पोलादी, बिनगियरची, दांडीच्या ब्रेकची. वजन २० किलोग्रॅम, किंमत ७,२०० रुपये. दुसरी पोलादी सांगाड्याचीच, पण मागे सात गियर, साडेसोळा किलोग्रॅम, ११,४०० रुपये. तिसरी एकवीस गियरची, सस्पेन्शन आणि डिस्कवाली, १८ किलोग्रॅम, १४,८०० रुपये. चौथी बहुतेक दुसरीसारखीच, पण सांगाडा अॅल्युमिनियमचा, १४ किलोग्रॅम, १६,५०० रुपये. पाचवी ती रेसिंगची, ११ किलोग्रॅम, ३१,००० रुपये. हे भाव त्या दुकानातले, त्या दिवशीचे. तुमच्या दुकानात वेगळे असतील, पण वजाबाकीची रीत तीच राहील.

सांगाडा म्हणजे फ्रेम. ती कशाची आहे हे रंगावरून कळत नाही आणि चिकटवलेल्या चिठ्ठीवरूनही कळत नाही. तिसऱ्या सायकलीवर ठळक अक्षरांत ‘अलॉय’ असे लिहिले होते. अलॉय म्हणजे मिश्रधातू. खरे पाहता पोलाद हाही लोखंड आणि कार्बन यांचा मिश्रधातूच आहे, पण सायकलीच्या बाजारात ‘अलॉय’ म्हटले की अॅल्युमिनियमचा मिश्रधातू समजायचा. भाचीने लोहचुंबक फ्रेमला लावला. तो रंगावरूनसुद्धा टक्कन चिकटला. मग तिने रिमला लावला, तेथे तो चिकटला नाही. चिठ्ठी खोटी नव्हती, फक्त ती रिमबद्दल होती! चौथ्या सायकलीच्या फ्रेमला मात्र चुंबक चिकटला नाही. या परीक्षेला एक मर्यादा आहे. स्टेनलेस पोलादाचे काही प्रकार चुंबकाला दाद देत नाहीत. म्हणून चाकाच्या तारांना चुंबक चिकटला नाही तर त्या अॅल्युमिनियमच्या आहेत असे समजू नये. फ्रेम, रिम आणि हँडल यांच्यापुरती ही परीक्षा पुरेशी आहे.

आता अॅल्युमिनियमने काय साधते ते पाहू. त्याची घनता पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश असते. मग फ्रेमही एक तृतीयांश वजनाची व्हायला हवी. तशी ती होत नाही, कारण अॅल्युमिनियमचा ताठपणाही पोलादाच्या सुमारे एक तृतीयांशच असतो. त्याच मापाची नळी घेतली तर ती तिप्पट वाकेल. यावर कारखानदारांनी काढलेली युक्ती तुम्ही दुकानात डोळ्यांनी पाहू शकता: अॅल्युमिनियमच्या नळ्या जाडजूड असतात. पत्र्याची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर तिचा वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो. त्यामुळे थोडी जास्त धातू वापरून ताठपणा भरून काढता येतो. तरीही वजनात बचत उरते, पण ती दोन तृतीयांशाइतकी नसते. फ्रेमपुरती ती एक-दीड किलोग्रॅमची भरते. चौथी सायकल दुसरीपेक्षा अडीच किलोग्रॅमने हलकी होती, त्यात हँडल, सीटची नळी असे इतर भागही हलके असल्याचा वाटा होता.

अडीच किलोग्रॅम कमी झाले म्हणजे पायांना किती कमी पडले? ऐरोली ही खाडीकाठची सपाट वस्ती. चढ म्हणायचा तर पुलांच्या उतरणींचाच. सपाट प्रदेशातल्या रस्त्याचा चढ साधारणपणे तीसास एक, म्हणजे तीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, याहून जास्त नसावा असा इंडियन रोड्स काँग्रेसचा संकेत आहे. आपण तोच धरू. अशा चढावर वजनाचा तिसावा भाग मागे ओढत असतो. अडीच किलोग्रॅमचा तिसावा भाग म्हणजे सुमारे ८३ ग्रॅम. भावोजींचे वजन ६५ किलोग्रॅम. त्यांना दुसऱ्या सायकलीसह चढावर २ किलो ७२० ग्रॅमची ओढ जाणवेल, चौथ्या सायकलीसह २ किलो ६३० ग्रॅमची. सपाट रस्त्यावर तर फरक आणखी कमी. तेथे वजनाचा परिणाम फक्त टायर दबण्यामुळे होणाऱ्या विरोधातून होतो आणि तो वजनाच्या शंभराव्या हिश्शाहूनही थोडा असतो. अडीच किलोग्रॅमचा हिशेब वीस-पंचवीस ग्रॅमच्या पुढे जात नाही.

भाचीने वहीत लिहिले: चौथी वजा दुसरी, ५,१०० रुपये, चढावर ८३ ग्रॅम. मग तिने न सांगता पुढची ओळ लिहिली: पाचवी वजा चौथी, १४,५०० रुपये, चढावर १०० ग्रॅम. भावोजींनी वहीत डोकावून पाहिले आणि रेसिंगच्या सायकलीच्या हँडलवरचा हात काढून घेतला.

शर्यतीत असे शंभर ग्रॅम मोलाचे ठरतात, कारण तेथे डोंगरघाट तासन्‌तास चढायचे असतात आणि निकाल सेकंदांवर लागतो. खाली वळवलेल्या हँडलाचेही तसेच आहे. वाकून बसले की हवेचा विरोध कमी होतो. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३० किलोमीटरला तो जेवढा असतो त्याच्या चौथाईच ताशी १५ ला असतो. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने गर्दीत ताशी पंधराने जाणाऱ्याला वाकून बसण्याचा लाभ थोडा आणि मान वर करून समोर पाहण्याचा त्रास जास्त. शिवाय बोटभर रुंदीचे टायर पावसाळी खड्ड्यात आपटले की ट्यूब रिमच्या काठावर चिमटून फुटते, ते निराळेच. कार्बन तंतूंच्या फ्रेमचा विचार तर आम्ही केलाही नाही. ती सुमारे एक किलोग्रॅमची असू शकते, पण एखादा जोराचा फटका बसून आतून तडा गेला तर तो वरून दिसेलच असे नाही.

मात्र पोलादाच्या बाजूनेही एक कबुली द्यायला हवी. ऐरोलीला खाडीची खारी हवा आहे आणि पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पोलादी नळीला बाहेरून रंग असतो, आतून बहुधा काहीच नसते. सीटच्या नळीतून पाणी शिरते, पेडलांच्या आसाजवळ तळाशी साचते आणि नळी आतून गंजते. यासाठी आसाच्या खोक्याला खालून एक भोक असते. ते आहे का पाहावे, आणि असल्यास चिखलाने बुजू देऊ नये. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप धरतो आणि तो धातूचे रक्षण करतो. पण अॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये पोलादी सीटची नळी असली आणि दोहोंमध्ये खारे पाणी गेले, तर जणू लहानसा विद्युतघटच तयार होतो! अॅल्युमिनियम झिजते, त्याची भुकटी फुगते आणि सीट अशी घट्ट अडकते की हातोड्यालाही जुमानत नाही. वर्षातून एकदा नळी बाहेर काढून ग्रीस लावले की हे टळते. पोलादी फ्रेमला तडा गेला तर रस्त्याकडेचा वेल्डिंगवाला ती जोडू शकतो. अॅल्युमिनियमला कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया करून बळकटी आणलेली असते. साध्या वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याजवळची ती बळकटी जाते.

भावोजी तळमजल्यावर राहतात. ते तिसऱ्या मजल्यावर राहत असते आणि सायकल रोज खांद्यावर न्यावी लागली असती, तर मी चौथीच घ्यायला सांगितले असते. तेथे अडीच किलोग्रॅम हे पूर्ण अडीच किलोग्रॅमच असतात, त्यांचा तिसावा भाग नव्हे.

आता गियर. दुकानदाराच्या मते एकवीस गियर म्हणजे सातांच्या तिप्पट चैन. आम्ही तिसऱ्या सायकलीचे दाते मोजले. पुढे तीन चक्रे: ४२, ३४ आणि २४ दात्यांची. मागे सात: १४, १६, १८, २०, २२, २४ आणि २८ दात्यांची. पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागले की पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक किती वेळा फिरते ते कळते. भाचीने भागाकार करायला सुरुवात केली आणि थोड्याच वेळात ती हसू लागली. ४२ भागिले २८ म्हणजे दीड. २४ भागिले १६ म्हणजेही दीड. ३४ भागिले २२ म्हणजे १.५५, जवळजवळ तेच. तीन निरनिराळे गियर, पण पायांना कळणारा फरक शून्य! सगळे एकवीस भागाकार करून तिने सारख्या-सारख्यांच्या जोड्या लावल्या, तेव्हा खरोखर वेगळे असे बाराच उरले. त्यांतला सर्वांत जड गियर उतारावर ताशी पंचविसाच्या पुढे पळण्यासाठी आणि सर्वांत हलके तीन डोंगरवाटेसाठी. ऐरोली-रबाळे रस्त्यावर दोन्हींचा उपयोग नाही.

मग गियर हवेतच कशाला? बिनगियरची पहिली सायकल का नको? याचेही उत्तर हिशेबातच आहे. तिचे पुढचे चक्र ४४ दात्यांचे, मागचे १८ चे आणि चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.४ मीटर जाते. तेवढ्यात पाऊल मात्र १.०७ मीटरच फिरते, कारण पेडलची दांडी १७ सेंटिमीटरची असते. थोडक्यात, पावलाच्या पाचपट अंतर सायकल कापते. निसर्ग असा व्यवहार फुकट करीत नाही. अंतर पाचपट मिळाले की बलही पाचपट लावावे लागते. मघाच्या चढावर वजनाची ओढ, टायरांचा विरोध आणि वारा मिळून सुमारे ३.८ किलोग्रॅमचा अडथळा होतो. पावलाला सरासरी १९ किलोग्रॅमचा जोर द्यावा लागेल. प्रत्यक्षात पेडल वर-खाली टोकाला असताना जोर लागतच नाही, म्हणून मधल्या भागात तो या सरासरीहून बराच जास्त असतो. पन्नाशीच्या माणसाच्या गुडघ्यांना हे रोज नको.

दुसऱ्या सायकलीला पुढे एकच चक्र होते, ३८ दात्यांचे, आणि मागे तीच १४ ते २८ ची सात. सर्वांत हलक्या गियरमध्ये ती एका फेऱ्यात २.९ मीटर जाते. त्याच चढावर पावलाला सरासरी दहा किलोग्रॅमचा जोर पुरतो, म्हणजे जवळजवळ निम्मा. वेग अर्थातच कमी होतो, पण चढ काही शेवटपर्यंत नसतो. सपाट रस्त्यावर मधला, १८ दात्यांचा गियर घातला आणि मिनिटाला साठ फेरे मारले की ताशी १६ किलोमीटरचा वेग मिळतो. पुढे एकच चक्र असल्याने पुढची साखळी सरकवणारी यंत्रणा, तिची तार आणि डावीकडची कळ हे सगळे नाहीसे होते. जो भाग नाही तो बिघडत नाही.

सस्पेन्शनविषयी दोनच वाक्ये. स्वस्त सायकलीच्या पुढच्या फोर्कमधली स्प्रिंग वजन वाढवते, चढावर उभे राहून पेडल मारले की तुमचा थोडा जोर स्वतः खाते आणि खाऱ्या पावसात एक-दोन वर्षांत गंजून अडकते. रुंद टायरात हवा बेताची भरली तर त्याहून चांगले काम फुकटात होते.

एवढे झाल्यावर आम्ही ब्रेककडे वळलो. खरे म्हणजे तेथूनच सुरुवात करायला हवी होती, कारण मनगट मोडले ते फ्रेममुळे नव्हे आणि गियरमुळेही नव्हे.

जुन्या सायकलीला काय झाले होते? तिची रिम पोलादाची, क्रोमचा मुलामा दिलेली, आरशासारखी चकचकीत. ब्रेक दांडीचे, रबरे रिमच्या आतल्या अंगाला जाऊन टेकणारी. कोरड्या हवेत हे ठीक चालते. पाऊस पडला की गुळगुळीत रिमवर पाण्याचा पातळ थर बसतो आणि रबर त्यावरून घसरते. किती घसरते? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९७० च्या दशकाच्या आरंभी यावर प्रयोग झाले. ओल्या क्रोम-रिमवर नेहमीच्या रबरांचे घर्षण कोरड्याच्या एक दशांशाहूनही कमी भरले! ब्रेक पूर्ण आवळून ठेवला तरी चाकाचे सरासरी तीस फेरे होईपर्यंत घर्षण वाढायलाच लागत नव्हते.

आता भावोजींचा हिशेब करू. वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. कोरड्या रस्त्यावर दर सेकंदाला वेग ३ मीटरने कमी होईल असा ब्रेक धरला, तर थांबायला वेगाचा वर्ग भागिले सहा, म्हणजे ४ मीटरच्या आसपास अंतर लागते. घर्षण दहाव्या हिश्शावर आले की हेच अंतर ४० मीटरच्या घरात जाते. वारा आणि टायरांचा विरोध थोडी मदत करतात म्हणून तीस-एक मीटर धरा. एवढ्या अंतरात चाकाचे फेरे होतात चौदा-पंधरा. रिम कोरडी व्हायला तीस हवे होते! म्हणजे ब्रेक लागू लागण्याआधीच, लागायचा तो धक्का लागून जातो. भावोजी म्हणाले, “तरी मी ताईला सांगत होतो, मी ब्रेक मारला होता म्हणून.”

अॅल्युमिनियमची रिम ओली झाली तरी ब्रेक मंदावतो, पण इतका नाही. ती धातू क्रोमपेक्षा मऊ असते, तिच्यावर बारीक ओरखडे असतात, आणि रबर थोड्याच फेऱ्यांत पाणी पुसून काढते. म्हणून माझ्या मते रोजच्या सायकलीत कशावर पैसे खर्च करायचे असतील तर ते प्रथम अॅल्युमिनियमच्या रिमवर. पोलादी रिमची सायकल पावसाळी गावात कितीही स्वस्त मिळाली तरी महागच.

दुसऱ्या आणि चौथ्या सायकलीला व्ही ब्रेक होते. यात रिमच्या दोन्ही बाजूंना एकेक लांब बाहू असतो. तार बाहूंची वरची टोके जवळ ओढते आणि रबरे दोन्हीकडून रिम चिमटतात. बाहू लांब म्हणजे तरफ लांब. बोटांच्या थोड्या जोरात मोठी पकड मिळते.

“पण डिस्क त्याहून चांगली ना?” भाची म्हणाली. “मोटारसायकलला तीच असते.”

चांगली असते, आणि पावसात तिचा मोठा फायदा असा की तबकडी चाकाच्या मध्याशी, डबक्यातल्या चिखलापासून दूर असते. पण त्रिज्येकडे लक्ष द्या. रिमचा ब्रेक मध्यापासून सुमारे ३१ सेंटिमीटरवर चिमटतो, डिस्क जेमतेम ८ सेंटिमीटरवर. चाक थांबवणारे परिबल म्हणजे बल गुणिले त्रिज्या. त्रिज्या चौथाई झाली तर तेवढ्याच परिणामासाठी घर्षणाचे बल चौपट हवे. चांगल्या डिस्क ब्रेकमध्ये भक्कम चिमटा आणि दर्जेदार पट्ट्या हे बल निर्माण करतात. तार ओढून चालणाऱ्या स्वस्त ब्रेकमध्ये बहुधा एकच पट्टी हलते, ती तबकडीला वाकवून दुसऱ्या, स्थिर पट्टीवर दाबते. त्यात तार ताणते, चिमटा लवतो आणि जोर वाटेतच मुरतो. ‘डिस्क’ हा शब्द ऐकून पैसे देण्यात अर्थ नाही. ब्रेक आवळून पाहावा.

तो आम्ही पाहिला. दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत भाचीने एकेक सायकल आणली. रीत अशी: सायकलीच्या बाजूला उभे राहून पुढचा ब्रेक पूर्ण आवळावा (आपल्याकडे तो उजव्या हाताला असतो) आणि सायकल पुढे ढकलावी. ब्रेक चांगला असेल तर पुढचे चाक जागचे न हलता मागचे चाक जमिनीवरून उचलले जाते. पाचही सायकली कोरड्या असताना यात उत्तीर्ण झाल्या. तिसरीची मूठ मात्र आवळल्यावर जवळजवळ हँडलला टेकली, आणि चाक मोकळे फिरवले तर तबकडी दर फेऱ्याला एकदा सर्र सर्र घासत होती. नव्या सायकलीत हे दोष पाना-स्क्रूने घालवता येतात, पण रोज चालवल्यावर ते पुन्हा येणार आणि तबकडी वाकली तर खर्चही होणार.

मग भाचीने बाटली काढली. दुकानदाराला वाटले, मुलीला तहान लागली. तिने पहिल्या सायकलीच्या पुढच्या रिमवर सगळीकडून पाणी ओतले आणि सायकल ढकलली. ब्रेक पूर्ण आवळलेला, आणि चाक लोण्यातून फिरावे तसे फिरत होते! दुसऱ्या सायकलीच्या रिमवर तसेच पाणी ओतले. पहिला अर्धा फेरा चाक थोडे सरकले, मग अडकले आणि मागचे चाक वर आले. भावोजींनी स्वतः एकदा करून पाहिले. मग पुन्हा पहिली सायकल घेतली आणि पुन्हा करून पाहिले. त्यानंतर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

ब्रेकबद्दल आणखी एक समजून घ्या. पुष्कळ मुले उलटून पडायच्या भीतीने फक्त मागचा ब्रेक वापरतात. पण ब्रेक लागला की शरीराचा भार पुढे सरकतो, मागचे चाक हलके होते आणि ते लवकर घसरू लागते. मागच्या ब्रेकने जेवढ्या अंतरात थांबता येते, पुढचा नीट वापरला तर त्याच्या सुमारे निम्म्यात थांबता येते. म्हणून दुकानात मागचा ब्रेक उत्तम आणि पुढचा नावापुरता, अशी सायकल दिसली तर ती परत करावी.

वजाबाकी आता पुरी झाली होती. दुसरी वजा पहिली, ४,२०० रुपये: यात ओल्या रस्त्यावर लागणारा ब्रेक आणि चढावर निम्मा जोर. तिसरी वजा दुसरी, ३,४०० रुपये: यात दीड किलोग्रॅम जास्त वजन, गंजणारी स्प्रिंग, नुसते मोजायला चौदा जास्त गियर आणि घासणारी तबकडी. चौथी आणि पाचवीचा हिशेब वहीत आधीच होता. भावोजींनी दुसरी सायकल घेतली. तिच्यावर मडगार्ड, कॅरियर आणि पुढे-मागे दिवे बसवायला दीड हजार लागले. रेसिंगच्या सायकलीला मडगार्ड बसवायला जागाच नव्हती, हे तेव्हा लक्षात आले.

पैसे देताना एक गोष्ट तपासली. सायकलींवरचा वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. दुकानात त्याआधीची छापील किंमत असलेला माल पडून असू शकतो. बिलात कराची ओळ वेगळी मागितली की कळते.

पहिल्या आठवड्यात नव्या तारा थोड्या ताणल्या आणि ब्रेकची मूठ सैल झाली. हे नेहमीच होते. मुठीजवळचा गोल पेच दोन फेरे बाहेर फिरवल्यावर ती पुन्हा घट्ट झाली. जून लागला तसे भाचीने दर रविवारी ओल्या फडक्याने रिम आणि रबरे पुसायचे काम घेतले आहे, कारण रबरात रुतलेली वाळू अॅल्युमिनियमला कानशीसारखी घासते. साखळी मात्र कुठल्याही सायकलीची पोलादीच. ती पावसात भिजली की त्याच संध्याकाळी पुसून तेल द्यावे लागते. भावोजी ते विसरतात, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी साखळीचा करकर आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतो.